३४ टक्के कशाचे?

मार्चमधली दुपार. ग्रंथालयाच्या काउंटरवर एक मुलगी आली, मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "मॅडम, मी चोरी केलेली नाही."

स्क्रीनवर तिच्या विभागातल्या रजिस्टरच्या पानाचा फोटो होता. तिचं नाव, प्रबंधाचं शीर्षक आणि शेवटच्या रकान्यात निळ्या पेनानं लिहिलेलं: ३४% कॉपी.

मी एका विद्यापीठात सहायक ग्रंथपाल आहे. पुस्तकांशी माझा संबंध आता बराच कमी झालाय. दिवसातला निम्मा वेळ पीएचडीचे प्रबंध साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकणं, रिपोर्ट काढणं आणि तो विभागाला ईमेल करणं यात जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर रांग लागते. हिचाही रिपोर्ट मीच काढला होता. ईमेलमध्ये मी 'साम्य ३४ टक्के' असं लिहिलं होतं, 'कॉपी' हा शब्द विभागातल्या कुणीतरी आपल्या मनानं घातला. पण खरं सांगायचं तर मी तो रिपोर्ट उघडून वाचलाच नव्हता. आकडा आला, पहिलं पान जोडलं, पाठवलं, पुढची फाइल घेतली.

तिची अडचण साधी होती. ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि एका कायम जागेची जाहिरात निघाली होती. अर्ज करायचा तर पदवी हातात हवी. आणि आपल्याकडच्या नियमांप्रमाणे प्रबंधात १० टक्क्यांहून जास्त आणि ४० टक्क्यांपर्यंत साम्य असेल, तर तो दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागतो. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंतची मुदत मिळते. तिच्याकडे सहा आठवडेही नव्हते. त्याहून वाईट म्हणजे विभागात बातमी पसरली होती. "३४ टक्के चोरीचं, म्हणजे एक तृतीयांश प्रबंध दुसऱ्याचा," असं कुणीतरी चहाच्या टपरीवर म्हणालं होतं आणि तिनं ते ऐकलं होतं.

"बस," मी म्हटलं. "आपण रिपोर्ट उघडून बघू." हे मी आठ दिवसांपूर्वीच करायला हवं होतं.

रिपोर्ट बघण्याआधी तो बनतो कसा हे तिला सांगितलं, कारण बहुतेक मुलांना वाटतं की आत कुणीतरी हुशार यंत्र बसलंय आणि ते वाचून ठरवतं की हे ढापलंय की नाही. तसं काही नसतं. सॉफ्टवेअर अर्थ वाचत नाही. ते मजकुराचे बारीक तुकडे करतं आणि तेच तुकडे आणखी कुठे सापडतात का ते शोधतं, एवढंच.

समजा वाक्य असं आहे: 'विहिरीतल्या पाण्याचे नमुने दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सकाळी घेतले.' यात नऊ शब्द आहेत. यातले पहिले पाच शब्द घ्या, तो एक तुकडा. मग एक शब्द पुढे सरका आणि दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे पाच घ्या, तो दुसरा. असं सरकत गेलं की पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर एक गणिती क्रिया करून त्याची एक संख्या काढायची. तोच तुकडा जगात कुठेही आला तरी त्याची संख्या तीच येते. या संख्यांना ठसे म्हणतात, बोटांचे असतात तसे. आता कोट्यवधी वेबपानं, शोधनिबंध आणि आधी जमा झालेले प्रबंध यांचे ठसे आधीच काढून ठेवलेले असतात. तुमच्या फाइलचे ठसे त्यांच्याशी जुळवायचे, आणि सलग जुळले तेवढा भाग रंगवायचा.

प्रत्येक ठसा साठवायचा तर जागा पुरणार नाही, म्हणून त्यातले काही निवडून ठेवतात. ती निवड कशी करावी म्हणजे मोठा जुळणारा भाग हातून सुटणार नाही, याची 'विनोइंग' नावाची एक पद्धत श्लायमर, विल्करसन आणि एकन या तिघांनी २००३ मध्ये मांडली. विनोइंग म्हणजे वाऱ्यावर धान्य उपणणं. भूस उडून जातं, दाणे राहतात. यातल्या एकनचं मॉस नावाचं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम एकमेकांशी ताडून बघायला वापरतात. विद्यापीठांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या आपली नेमकी कृती सांगत नाहीत, पण मूळ कल्पना हीच: जुळतं आहे का, एवढंच बघायचं.

मग टक्का. तो तर चौथीतलं गणित आहे. जुळलेले शब्द भागिले फाइलमधले एकूण शब्द, गुणिले शंभर. तिच्या फाइलमध्ये ४०,००० शब्द होते. त्यातले १३,६०० रंगले होते. १३,६०० भागिले ४०,०००, म्हणजे ३४ टक्के.

"म्हणजे बरोबरच आहे की," ती म्हणाली. चेहरा पडला होता.

गणित बरोबरच होतं. प्रश्न होता ते १३,६०० शब्द कुठले, हा. रिपोर्टच्या पहिल्या पानावर हे कळत नाही. त्यासाठी रंगवलेली पानं एकेक करून उलटावी लागतात, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

आम्ही सुरुवातीपासून सुरू केलं. पहिलंच पान पूर्ण लाल. ते प्रमाणपत्र होतं: 'प्रमाणित करण्यात येते की सदर प्रबंध हा उमेदवाराचे स्वतंत्र संशोधन असून...' हा मजकूर विद्यापीठच छापून देतं, तो बदलायची परवानगीच नाही. स्वतंत्र संशोधन असल्याचं प्रमाणपत्रच कॉपी म्हणून रंगलेलं बघून ती पहिल्यांदा हसली. प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, आभार मिळून ६०० शब्द, त्यातले ५०० रंगलेले.

मग मी थेट शेवटी गेले. संदर्भसूची. ४,४०० शब्दांतले ३,८०० रंगलेले. आता लेखकाचं नाव, निबंधाचं शीर्षक, मासिकाचं नाव आणि वर्ष हे दुसऱ्या कुणी दिलं तरी तसंच असणार. उलट सूचीतला एखादा संदर्भ कुठेच जुळला नाही, तर मला शंका येते की हा निबंध खरंच अस्तित्वात आहे का. सॉफ्टवेअरमध्ये सूची वगळायचा पर्याय असतो. मी तो टिचकला नव्हता. रांग मोठी होती, हे माझं कारण; त्याला काही अर्थ नाही.

मधल्या प्रकरणांमध्ये सगळ्यात मोठा पट्टा होता तो एकाच स्रोताशी जुळणारा, ४,२०० शब्दांचा. एकट्या त्या स्रोताचे साडेदहा टक्के. एकाच ठिकाणाहून एवढं जुळलं की खरोखर थांबून बघावं लागतं. ४० ठिकाणचं थोडं थोडं मिळून ३४ होणं वेगळं आणि एकाच ठिकाणचं सलग साडेदहा वेगळं. मी स्रोतावर क्लिक केलं. तिचाच शोधनिबंध निघाला. दोन वर्षांपूर्वी छापलेला, पहिलं नाव तिचं, दुसरं तिच्या गाइडचं.

इथे "माझंच आहे" म्हणून सुटका होत नाही, हे मी तिला सांगितलं. आधी छापलेला आपलाच मजकूर पुरेसा उल्लेख न करता पुन्हा वापरणं मान्य नाही, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२० मध्ये जाहीर केलंय. पण तिनं प्रकरणाच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं की यातला भाग अमुक निबंधात प्रसिद्ध झाला आहे, आणि निबंधाची प्रत शेवटी जोडली होती. ती वाचणाऱ्यापासून काही लपवत नव्हती. सॉफ्टवेअरला हा उल्लेख दिसत नाही, कारण दिसण्यासाठी वाचावं लागतं.

पुढचा रंगीत भाग मला सगळ्यात आवडला. तिचा विषय एका तालुक्यातल्या विहिरी आणि बोअरच्या पाण्याचा. पाणी जड आहे की नाही हे मोजायची पद्धत ठरलेली आहे. नमुन्याचा पीएच १० च्या आसपास आणायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी नावाचा रंग टाकायचा की पाणी लालसर होतं, मग ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब सोडत जायचं आणि लाली पूर्ण जाऊन निळं झालं की थांबायचं. कितीही वेळा, कुणीही लिहिलं तरी हे असंच लिहिलं जाणार. शिवाय ही पद्धत बदलून चालत नाही. बदलली तर तिचे आकडे दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी ताडता येणार नाहीत. तिच्या 'साहित्य आणि पद्धती' या प्रकरणातले २,३०० शब्द असे रंगले होते, आणि प्रत्येक पद्धतीखाली तिनं मूळ पुस्तिकेचा संदर्भ दिला होता.

"पण मॅडम, हे बघा ना," ती पडद्यावर बोट ठेवत म्हणाली. त्या परिच्छेदासमोर स्रोत म्हणून परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठातल्या विद्यार्थ्याचा पेपर दाखवला होता. "हा मी कसा बघणार? तो तर उघडतसुद्धा नाही."

हे मुलांना फार छळतं. रिपोर्टमध्ये स्रोत म्हणून जे नाव येतं ते 'इथून घेतलं' असं सांगत नसतं. ते फक्त सांगतं की साठ्यात याच्याशी सर्वांत जास्त जुळतंय. तो परदेशी विद्यार्थी आणि ही मुलगी, दोघांनी एकच पुस्तिका वाचली; पुस्तिका साठ्यात नव्हती, विद्यार्थ्याचा पेपर होता. दोन भावंडांची तोंडं सारखी असली म्हणजे एकानं दुसऱ्याचं तोंड चोरलं असं होत नाही, बाप तिसराच असतो. कित्येकदा तर एखादी वेबसाइटच मूळ लेखकाचं उचलून छापते आणि रिपोर्टमध्ये चोर म्हणून मूळ लेखकाचं नाव लागतं.

राहिले ते सुटे तुकडे. 'वरील तक्त्यावरून असे दिसून येते की', 'जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार', अशा अर्थाचे इंग्रजी तुकडे, आठ शब्द, अकरा शब्द. असे सगळे मिळून १,९०० शब्द. भाषा वापरायची म्हटली की हे येणारच. २०१८ च्या नियमांनीच सलग चौदा शब्दांपर्यंतचं सर्वसाधारण किंवा योगायोगानं आलेलं साम्य वगळायला सांगितलंय. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, आभार, प्रमाणित समीकरणं, कायद्यांचा मजकूर आणि श्रेय देऊन उद्धृत केलेलं लिखाण हेही वगळायचं असतं. हे सगळं नियमात स्पष्ट लिहिलंय. तरी आकडा बघताना लोक १०, ४०, ६० या तीन पायऱ्या लक्षात ठेवतात आणि त्या वगळल्यानंतर लागू होतात हे विसरतात. माझ्यासकट.

तर मी सुरुवातीची पानं आणि सूची काढून फक्त प्रकरणांची फाइल पुन्हा टाकली. टाकताना 'साठ्यात जमा करू नका' हा पर्याय निवडला. हे सांगायला हवं, कारण हा पर्याय चुकला तर फाइल साठ्यात जाऊन बसते, पुढच्या खेपेला तुमची सुधारलेली फाइल तुमच्याच जुन्या फाइलशी जुळते आणि ९८ टक्के येतात. असे ९८ घेऊन रडत आलेले दोघे-तिघे मी पाहिलेत.

आता एकूण शब्द ३५,००० झाले आणि रंगलेले ९,३००. टक्का २७. चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे वगळले, उरले ७,४००. टक्का २१. तिचा स्वतःचा निबंध त्याच्या उल्लेखाची खातरजमा करून वगळला, उरले ३,२००. टक्का ९.

त्याच मुलीचा तोच प्रबंध, त्यातला एक शब्दही बदललेला नाही. सव्वा तासात ३४ चे ९ झाले. ती उठून उभी राहिली. "म्हणजे झालं ना, मॅडम? दहाच्या आत आलं."

नियमाच्या भाषेत झालं होतं. १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ, त्याला काही दंड नाही. मी तिला जाऊ दिलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. पण ३,२०० मधले २,३०० पद्धतींचे होते, आणि उरलेले ९०० मी अजून वाचले नव्हते.

ते दुसऱ्या प्रकरणात होते, पूर्वी झालेल्या संशोधनाच्या आढाव्यात. सलग तीन परिच्छेद, एकाच समीक्षा-निबंधातले, जवळजवळ शब्दशः. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी कंसात लेखकाचं नाव आणि वर्ष होतं.

"हे?" मी विचारलं.

"नाव दिलंय की खाली."

नाव दिलं होतं, हे खरंच. पण नाव दिल्यानं एवढंच कळतं की मुद्दा त्यांचा आहे. वाचणारा समजतो की मुद्दा त्यांचा, वाक्यं हिची. वाक्यंही त्यांची असतील तर अवतरणचिन्हं हवीत, नाहीतर ते आपल्या शब्दांत लिहायला हवं. एकूण प्रबंधात हे शब्द सव्वादोन टक्के. पहिल्या रिपोर्टमध्ये ते ३४ च्या गर्दीत लपले होते आणि आता ९ च्या सुरक्षित आकड्यात लपत होते. पूर्ण प्रबंधात दुरुस्त करण्याजोगी गोष्ट ही एवढीच, आणि दोन्ही आकड्यांनी ती दाखवली नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, एम.एस्सी.ला असताना मी एक वही केली होती. चांगलं इंग्रजी दिसलं की त्यात उतरवून ठेवायचे. मला असं लिहिता येत नव्हतं म्हणून. प्रबंध लिहिताना ती वही समोर होती. कुठलं माझं आणि कुठलं उतरवलेलं, काही ठिकाणी मलाच कळेना."

बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, प्रयोगशाळेत कुणालाही हार न जाणारी मुलगी. पाच वर्षं विहिरींवर जाऊन नमुने आणणारी. तिला मोजमाप मांडायला इंग्रजी पुरत होतं, पण आधीच्या शास्त्रज्ञांबद्दल चार वाक्यं लिहायची वेळ आली की भीती वाटायची. चूक होती, दुरुस्त करायलाच हवी होती. पण 'चोरी केलेली नाही' असं ती मला म्हणाली होती तेव्हा ती खोटं बोलत नव्हती.

तिला घरी पाठवताना मी एक सांगितलं: मूळ निबंध बंद कर, वही कपाटात ठेव, आणि त्यात काय आहे ते आधी आईला सांगतेस तसं मराठीत सांग. मग ते इंग्रजीत लिही. वाक्यं साधी आली तरी चालतील.

हे सांगणं गरजेचं होतं, कारण दुसरा एक रस्ता तिला माहीत होता आणि मलाही. आमच्या गेटबाहेर झेरॉक्स आणि बाइंडिंगची दुकानं आहेत. तिथे 'टक्का कमी करून मिळेल' असं तोंडी सांगतात, पानामागे दर ठरलेला. ते काय करतात? वर सांगितलेलं नऊ शब्दांचं वाक्य आठवा. त्यातला बरोबर मधला शब्द, 'महिन्याच्या', बदलून 'मासाच्या' केला, तर पाचही तुकडे मोडतात, कारण पाचही तुकड्यांत तो शब्द आहे. खरी सॉफ्टवेअरं एवढी भोळी नसतात, मधला एखादा बदललेला शब्द ओलांडून ती पुढचं जोडून घेतात. पण दर तीन-चार शब्दांमागे एक शब्द बदलला की हात टेकतात. मजकूर दुसऱ्याचाच, आकडा मात्र स्वच्छ.

याचा पुरावा गमतीशीर रीतीनं सापडतो. कबानाक, लाबे आणि मगाझिनोव्ह या तिघांनी २०२१ मध्ये शोधनिबंधांतले असे शब्द गोळा करून दाखवले. 'ब्रेस्ट कॅन्सर' ऐवजी 'बोझम पेरिल', म्हणजे साधारण 'उरावरचं संकट'. कुठलाही डॉक्टर असं म्हणत नाही. शब्दकोशातून प्रतिशब्द उचलून टाकणारा प्रोग्रॅमच म्हणतो. त्यांनी या शब्दांना 'छळलेले शब्द' असं नाव दिलं. माझ्याकडे आलेल्या एका प्रबंधात 'हार्ड वॉटर' चं 'डिफिकल्ट वॉटर' झालेलं मी पाहिलंय. साम्य ५ टक्के.

आणि ४ टक्क्यांचा एक प्रबंध तर मी विसरूच शकत नाही. इंग्रजीतला, इतिहासाच्या अंगानं जाणारा, नीटनेटका. रिपोर्ट हिरवागार. मी सहज एक प्रकरण वाचायला घेतलं आणि दोन पानांनंतर वाटलं, हे मी आधी वाचलंय. पण वाचलं होतं ते मराठीत. आमच्याच ग्रंथालयात वरच्या मजल्यावर एक जुनं, फारसं कुणी न मागणारं पुस्तक आहे. खाली आणून शेजारी ठेवलं. उदाहरणांचा क्रम तोच. मुद्दा सोडून घेतलेलं एक वळण, तेही तेच. तरी मनात शंका होती, दोघांनी एकाच साधनांवरून लिहिलं असेल. मग एक साल सापडलं. मराठी पुस्तकात छपाईची चूक होती, दोन अंक उलटे पडले होते. त्याच पुस्तकात पुढे ते साल बरोबर दिलंय. इंग्रजी प्रबंधात चुकीचं सालच उतरलं होतं. पुस्तकाचं नाव सूचीत कुठेही नव्हतं.

भाषांतरात एकही शब्द जुळत नाही. शब्दांचे ठसे जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी वाक्य आणि त्याचं इंग्रजी भाषांतर ही दोन अनोळखी माणसं आहेत. काही ठिकाणी भाषांतर ओळखायचे प्रयत्न आहेत, पण त्यासाठीसुद्धा मूळ पुस्तक साठ्यात असावं लागतं. आपली जुनी मराठी पुस्तकं कपाटात आहेत, साठ्यात नाहीत. मी गाइडना पुस्तक आणि प्रबंध दोन्ही नेऊन दाखवले. त्यांनी आधी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "मॅडम, चारच टक्के आहे की." साल दाखवल्यावर गप्प झाले. प्रकरण पुढे समितीकडे गेलं.

मराठीत लिहिलेल्या प्रबंधांची तर वेगळीच तऱ्हा. अजूनही काही जण जुन्या फॉण्टमध्ये टाइप करून घेतात. त्या फॉण्टमध्ये पडद्यावर 'मराठी' दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द आत `ejkBh` असा असतो. सॉफ्टवेअर वाचतं ते `ejkBh`, आणि युनिकोडमध्ये लिहिलेल्या मराठी वेबपानांशी ते कधीच जुळणार नाही. पानं स्कॅन करून पीडीएफ केली असेल तर आत मजकूरच नाही, नुसतं चित्र. अशा प्रबंधाचा रिपोर्ट शून्य टक्के येतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: पीडीएफमधलं एक वाक्य कॉपी करून मोबाइलवर मेसेजमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर ठीक, गिचमीड उमटली किंवा कॉपीच झालं नाही, तर त्या शून्याला काही अर्थ नाही. मला आता ३४ पेक्षा शून्याची जास्त धास्ती वाटते. दोनशे पानं लिहून एकही आठ शब्दांचा तुकडा कशाशी जुळत नाही, सूचीसुद्धा जुळत नाही, हे कसं शक्य आहे?

ती मुलगी नवव्या दिवशी आली. तीन परिच्छेद नव्यानं लिहून आणले होते. इंग्रजी साधं होतं, आणि पहिल्यांदाच तिथे ती स्वतः दिसत होती; त्या समीक्षा-निबंधातला एक निष्कर्ष तिच्या तालुक्यातल्या काळ्या जमिनीला का लागू होत नाही, हेही तिनं त्यात लिहिलं होतं. वहीतून उतरवलेल्या वाक्यांत हे येणं शक्यच नव्हतं. मी पुन्हा तपासणी केली. ७ टक्के, आणि ते सगळे पद्धतींचे. ते तसेच राहू दिले. ते शब्द बदलायला लावणं म्हणजे चांगली लिहिलेली कृती मुद्दाम वाईट लिहायला सांगणं.

मग मी विभागासाठी एक पानी टिपण लिहिलं. पहिल्या तपासणीत काय वगळायचं राहिलं होतं आणि ते माझ्याकडून राहिलं होतं, कुठल्या भागात किती शब्द जुळले, ते कशाशी जुळले, त्यातलं काय दुरुस्त करून घेतलं. खाली सही केली. 'कॉपी' हा शब्द रजिस्टरमधून काढावा अशी विनंतीही केली.

दुसऱ्या दिवशी विभागातल्या क्लार्कचा फोन आला. "मॅडम, तुमचा कागद मिळाला. वाचला. पण रजिस्टरमध्ये रकाना एवढुसा आहे, त्यात काय लिहू? एकच आकडा बसतो."

"सात लिहा," मी म्हटलं, "आणि तो कागद त्या पानाला टाचून ठेवा."

"टाचणी निघून जाते हो मॅडम."

"मग चिकटवा."